फ्लशची टाकी आज रात्रीच तपासा

आज पुण्यात आमच्या सोसायटीत प्लंबरला घेऊन घरोघरी फिरलो, कारण टँकर वाढवूनही संध्याकाळपर्यंत वरची टाकी रिकामी. नळ सगळीकडे नीट बंद होते, पाणी जात होतं फ्लशमधून, आवाज न करता.

तपासायला सोपंय. रात्री झोपताना फ्लशच्या टाकीत खायचा रंग थोडा टाका, अर्धा तास फ्लश करू नका, कमोडमध्ये रंग उतरला की आतलं रबर वॉशर गेलंय समजा. कडक पाण्याचा क्षार बसून ते नीट टेकत नाही, कधी नुसतं घासून भागतं नाहीतर बदलायचं, खर्च किरकोळ. पाच मिनिटांत एक लिटर गळत असेल तरी दिवसाला २८८ लिटर होतात हो!! दुरुस्त होईपर्यंत टाकीचा अँगल कॉक बंद ठेवा आणि बादलीनेच पाणी टाका.

दुसरं, आरओचा वेस्ट पाईप सिंकमध्ये सोडू नका, खाली बादली लावा. ते पाणी फरशी पुसायला, फ्लशला चालतं. कुंड्यांना मात्र रोज नको, टँकरचं पाणी आधीच क्षाराचं, त्याने माती पांढरी पडते.

ज्यांचे फ्लॅट आज बंद होते त्यांनी वॉचमनकडे निरोप ठेवा, प्लंबर उद्या परत येतोय.