आजी म्हणाल्या, हे आमचे नव्हंत

सोलापुरात नवी पेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या ऑर्डरी कमी झाल्यापासून जुने फोटो नीट करून देण्याचंच काम जास्त येतं. मागच्या डिसेंबरात एक मुलगा आजोबांचा फोटो घेऊन आला. गिरणीच्या ओळखपत्रावरचा, जेमतेम तीन सेंटिमीटर उंचीचा काळा-पांढरा फोटो, गालापर्यंत आलेला जांभळा शिक्का, मधोमध घडी. आजोबा तरुणपणी गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वज उचलायचे म्हणे, पण तसा एकही फोटो घरात नाही. "काका, पांढरी बाराबंदी आणि फेटा घालून पाहिजेत. संक्रांतीच्या आधी भिंतीवर लावायचाय."

मी १२०० डीपीआयला स्कॅन केला आणि एआयवाल्या प्रोग्रॅममध्ये टाकला. पहिल्या खेपेला शिक्का आणि घडी काढली. दुसऱ्या खेपेला चेहरा स्पष्ट केला, मग रंग भरले, मग बाराबंदी आणि फेटा चढवला. नातवाला "जरा हसरे" हवे होते, तेही केलं. सहाव्यात मागे सिद्धेश्वराच्या तळ्याचं पाणी आलं, सातव्यात उजेड जुळवला. प्रत्येक खेपेची प्रत त्याच्या मोबाइलवर जायची आणि दोन मिनिटांत अंगठा यायचा.

सातवी प्रत छापायच्या आधी तो आजींना घेऊन आला. आजींनी चष्मा सारखा केला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "फोटो झकास आहे बाळा. पण हे आमचे नव्हंत. ह्यांच्या थोरल्या भावासारखं दिसुलालेत."

नातू ओशाळला. मला आधी रागच आला. एवढ्या बारीक फोटोतून एवढं काढलं, आणि वर हे! पण पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईशी वाद कशाच्या जोरावर घालायचा? त्या रात्री शटर खाली ओढून मूळ स्कॅन आणि सातवी प्रत एकावर एक ठेवून बघितली. हे काम मी खरं तर पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

पद्धत साधी आहे. खालच्या लेयरवर सातवी प्रत, वर मूळ स्कॅन, आणि वरच्याची ओपॅसिटी ५० टक्के, म्हणजे खालचं आरपार दिसेल इतकी. आधी डाव्या बुबुळाचा मध्य डाव्यावर बसवायचा. मग तो बिंदू टाचणीसारखा धरून वरचा लेयर फिरवायचा आणि लहान-मोठा करायचा, उजवं बुबुळ उजव्यावर येईपर्यंत. रुंदी आणि उंची एकाच प्रमाणात बदलायची. एक कोपरा जरी वेगळा ओढला, तरी आपणच चूक झाकतो आणि वर म्हणतो, "बसतंय की!"

माझ्या स्कॅनमध्ये दोन बुबुळांमधलं अंतर साधारण २६० पिक्सेल भरलं. खऱ्या माणसात ते सरासरी ६३ मिलिमीटर धरतात, म्हणजे एक पिक्सेल जवळजवळ पाव मिलिमीटर. आता डोळे जुळले होते, पण खाली सगळं दुहेरी दिसत होतं. ओठांचे कोपरे बाहेर गेलेले, आणि डावा जबडा १४ पिक्सेल आत. साडेतीन मिलिमीटर! न्हाव्याने मिशी इतकी चुकवली तर माणूस दुसऱ्या दिवशी भांडायला येईल.

आजोबांची डावी पापणी उजवीपेक्षा जराशी उतरलेली होती. सातव्या प्रतीत दोन्ही सारख्या. हनुवटीजवळचा तीळ तर कधीच पुसला गेला होता, बहुधा शिक्क्याचा डाग समजून. प्रोग्रॅमने एकही भलतं अवयव लावलं नव्हतं. जिथे चेहरा तिरपा होता तिथे त्याने सरळ केला, इतकंच. आणि त्या तिरपेपणातच आजोबा होते.

मग सातही प्रती एकेक करून मूळ स्कॅनवर ठेवल्या. कुठलीही प्रत तिच्या आधीच्या प्रतीशी ताडली तर जबडा दोन-तीन पिक्सेल हललेला, डोळ्याला कळणारही नाही असा. मी आणि नातू दोघंही रोज कालच्या फोटोशी आजचा फोटो बघत होतो, मूळ ओळखपत्र पाकिटात पडून होतं. सगळ्यात मोठी उडी दुसऱ्या खेपेला होती, चेहरा स्पष्ट केला तेव्हा. पण बाराबंदी चढवतानाही तोंड बदललं होतं, हे बघून मी चाट पडलो. मी फक्त कपडे बदलायला सांगितले होते. हा प्रोग्रॅम मात्र अख्खा फोटो नव्याने काढतो, तोंडासकट.

या तपासणीत दोन ठिकाणी मी फसलो. पहिलं म्हणजे डिफरन्स मोड. त्यात दोन्ही चित्रं जिथे सारखी तिथे काळं आणि जिथे फरक तिथे उजळ दिसतं. मी लावला तर सगळा चेहरा दिवाळीसारखा उजळला, कारण एक फोटो रंगीत आणि एक काळा-पांढरा. दोन्ही काळे-पांढरे करून उजेड जुळवल्यावरच रेघा दिसल्या. त्याहून सोपं म्हणजे वरचा लेयर पटापट चालू-बंद करणं; जे हललंय ते उडी मारतं.

दुसरं जरा चकवणारं आहे. बुबुळांवर जुळवलं की डोळे कधीच चुकीचे दिसत नाहीत, कारण आपणच ते जबरदस्तीने जुळवलेले असतात. समजा प्रोग्रॅमने डोळेच एकमेकांपासून लांब केले असतील, तर दोष हनुवटीवर आणि कानांवर जातो. उरलेला सगळा चेहरा एकाच प्रमाणात आखडलेला वाटतो. म्हणून मी दुसऱ्यांदा नाकाचा तळ आणि कानाची पाळी धरून जुळवलं. डोळे तेव्हाही जागेवर राहिले, तेव्हा खात्री पटली की जबडाच सरकलाय. अर्थात हे सगळं मान त्याच कोनात असेल तरच. मान थोडी वळली की ही जुळवाजुळव खोटं सांगते, आणि हसू आलं की ओठ-गाल मोजण्यात अर्थ नाही. म्हणून हसू रद्द केलं. नातवाला सांगितलं, "ओळखपत्राच्या फोटोत कोणी हसत नाही रे."

काम पुन्हा मूळ स्कॅनपासून धरलं. शिक्का गालावरून हाताने काढला, तीळ तसाच ठेवला. बाराबंदी, फेटा आणि पाणी सातव्या प्रतीतून घेतलं, पण मास्क लावून, भुवयांच्या वरून आणि गळ्याच्या खालून. मधला चेहरा मूळ स्कॅनचाच. रंग वेगळ्या लेयरवर कलर मोडमध्ये भरला. त्यात वरून फक्त रंग येतो, उजेड-सावली खालच्याच फोटोची राहते, त्यामुळे रेघ हलत नाही. फेट्याची कपाळावरची सावली तेवढी ब्रशने दिली. चेहरा थोडा रवाळ राहिला आणि कपडे गुळगुळीत, म्हणून कपड्यांवर बारीक ग्रेन टाकला. शेवटी पुन्हा मुळावर ठेवून पाहिलं: जबडा, ओठ, पापणी, सगळं एक रेघ.

आजींना निरोप दिला. या वेळी त्यांनी चष्मासुद्धा सारखा केला नाही. डाव्या गालावर बोट ठेवून हसायला लागल्या.

"हे बघ, तंबाखू धरलीय गालात. फोटोच्या दिवशी पण थुंकले नाहीत!"

म्हणजे मी रात्र जागून जो जबडा परत आणला, त्यातला थोडा तंबाखूचा होता. नातू लगेच म्हणाला, "काका, एवढं काढून टाकता येईल ना?"

"काही काढू नको," आजी म्हणाल्या, आणि पिशवीतून पैसे मोजायला लागल्या.