निमुळती सळई आणि टांगलेली रबरी दोरी: सरासरी कुठे चालते, कुठे नाही

कुपवाड एमआयडीसीत मित्राच्या लेथवर ॲल्युमिनियमची सळई निमुळती करून घेतली. एका टोकाला व्यास १२ मिमी, दुसऱ्याला ४, मधली लांबी ३००. सांगलीत घरी जिन्याखालच्या चॅनलला ती टांगली, खाली जिमच्या २० किलोच्या चार चकत्या लावल्या. म्हणजे साधारण ७८५ न्यूटन.

आधी मी सरळ सरासरी व्यास ८ मिमी धरला होता. त्यावरून सळईच्या लांबीतली वाढ आली ०.०६७ मिमी. खरं सूत्र असं आहे, यात δ म्हणजे लांबीतली वाढ, P टांगलेलं वजन, L लांबी, d₁ आणि d₂ दोन टोकांचे व्यास, आणि E म्हणजे धातू किती ताठ आहे ते सांगणारा यंगचा मापांक:

δ = 4PL / (πE·d₁·d₂)

E ७० GPa धरला की उत्तर येतं ०.०८९ मिमी. फरक थेट एकतृतीयांशाचा. वजन सगळीकडे सारखंच, पण ताण व्यासाच्या वर्गाच्या उलट जातो, म्हणून बारीक टोक जाड टोकाच्या नऊपट ताणलं जातं. एकूण वाढीतला तीन चतुर्थांश वाटा एकट्या बारीक अर्ध्या भागाचा असतो. सरासरी व्यासात नेमकं हेच झाकलं जातं.

डायल गेजवर मात्र पहिल्याच दिवशी ०.२१ आलं! वजन काढल्यावर काटा शून्यावर परतला नाही, ०.०५ वर थांबला. न परतणारा भाग म्हणजे पकडीतून सळई सरकली. परतणाऱ्या भागातही चॅनलचा बाक मिसळलेला होता, कारण गेजचा स्टँड जमिनीवर होता. मग सळईच्या निमुळत्या भागाच्या दोन्ही टोकांना कॉलर बसवल्या. वरच्या कॉलरला एक मोकळी बारीक दांडी टांगली, तिच्या खालच्या टोकाला गेज लावून काटा खालच्या कॉलरवर टेकवला. आता चॅनल कितीही वाकला तरी दोन्ही कॉलर सोबतच खाली जातात. पाच वेळा वजन चढवलं-उतरवलं. वाचन ०.०८ ते ०.०९, आणि दर वेळी परत शून्य.

स्वतःच्या वजनाने होणारी वाढ इतक्या आखूड ॲल्युमिनियमवर दिसणारच नाही, ती मायक्रॉनच्या दशांशाहूनही कमी असते. म्हणून १.८ मीटरची भरीव रबरी दोरी घेतली. फरशीवर टाल्कम पावडर टाकून तिला सैल पडू दिलं, नाहीतर घर्षणाने ती आधीच ताणलेली राहते आणि मूळ लांबी चुकते. टांगल्यावर ती ९ मिमी लांबली. मग तिच्याच वजनाइतकं वजन टोकाला लावलं, तेव्हा आणखी १८ मिमी. बरोबर दुप्पट.

इथे सरासरी चालते. दोरी सगळीकडे सारखी जाड आहे, आणि खालच्या टोकाला शून्य असलेलं ओझं वर जाताना सरळ रेषेत वाढत दोरीच्या पूर्ण वजनापर्यंत पोचतं. त्यामुळे निम्मं वजन टोकाला लावल्यासारखीच वाढ मिळते: WL/2AE, यात W दोरीचं वजन आणि A तिच्या छेदाचं क्षेत्रफळ. मधोमध केलेली शाईची खूण मात्र ७ मिमीच्या जरा आत खाली आली. म्हणजे इथेही तीन चतुर्थांश वाढ एकाच अर्ध्यात, वरच्या. सळईत ते प्रमाण १२:४ या व्यासांमुळे आलं, दोरीत ते कुठल्याही लांबीला तसंच राहतं.

पुढच्या आठवड्यात सळई १२:६ ची करून घेतोय. तिथे हाच फरक एकतृतीयांशावरून आठव्या भागावर यायला हवा.