कुबड्यांसकट मारलेल्या उड्या

"एवढ्या बारक्या बारक्या पायऱ्या कशाला करत बसायच्या? एकदाच मोठ्या प्रसंगात उडी घ्यायची, भीती कायमची जाते. तू का नाही तसं केलंस?"

लोकांसमोर बोलायची भीती मी लहान लहान पायऱ्यांनी कमी करतेय असं सांगितलं की तुम्ही हाच प्रश्न विचारता. केलं होतं. अनेकदा केलं होतं. भरलेल्या सभागृहासमोर उभी राहून मी भाषण केलंय, लोकांनी टाळ्या वाजवल्यात, आणि त्याच आठवड्यात चार जणांच्या बैठकीत तोंडातून शब्द फुटला नाही म्हणून घरी येऊन रडलेय. हे सांगितलं की विचारणारे म्हणतात, "मग तुला भीती नव्हतीच, उगाच बाऊ करतेस." या एका वाक्यापायी हे सगळं लिहायला बसले आहे.

सभागृहातलं भाषण मी शब्दन् शब्द लिहून नेलं होतं. कागदावरची नजर उचलली नाही. हात थरथरताना दिसू नयेत म्हणून व्यासपीठाची कड घट्ट धरली होती. प्रश्नोत्तरं सुरू व्हायच्या आत आभार मानून खाली उतरले. बाहेरून पाहणाऱ्याला ती उडी वाटली. माझ्या मनाने मात्र वेगळीच नोंद केली: कागद होता म्हणून निभावलं. पुढच्या वेळी कागद नसेल तर काय, ही भीती उलट वाढली.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 साली सामाजिक भीतीची जी मांडणी केली, तिच्यात हाच मुद्दा मध्यवर्ती आहे. घाबरलेला माणूस प्रसंग टाळतोच असं नाही. कित्येकदा तो प्रसंगात जातो, पण सोबत कुबड्या घेऊन. वाक्य मनात घोळवून मगच बोलणं, नजर टाळणं, हातात फोन धरून ठेवणं, भरभर बोलून मोकळं होणं, "प्रश्न बावळट असेल, पण" अशी आधीच माफी मागणं. प्रसंग पार पडतो, पण श्रेय कुबडीला जातं आणि भीती जशीच्या तशी राहते. शिवाय काही कुबड्या, जे लपवायचं तेच घडवून आणतात. कप दोन्ही हातांनी आवळून धरला की हात जास्त थरथरतो. मनात वाक्य जुळवत बसलं की समोरचं बोलणं निसटतं, आणि लोकांना वाटतं, ही बाई आखडू आहे.

म्हणून लहान पायरी. ती सोपी असते म्हणून नव्हे, तर तिच्यावर कुबडी खाली ठेवण्याची हिंमत होते म्हणून. सभागृहात कागद खाली ठेवणं मला जमलंच नसतं. लिफ्टमध्ये शेजारच्या माणसाशी एक वाक्य, फोन पिशवीत ठेवून, त्याच्याकडे बघून आणि आधी न घोळवता बोलणं मात्र जमलं.

शिडी बांधायला मी समुपदेशकांसोबत बसले होते. त्यांनी प्रसंगांची यादी करायला लावली आणि प्रत्येकापुढे 0 ते 100 मध्ये आकडा टाकायला सांगितला. 0 म्हणजे पूर्ण शांत, 100 म्हणजे कल्पनेतली सर्वांत वाईट घालमेल. ही मोजपट्टी जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञांची. मला ती पोरकट वाटली होती. भीतीला कसले मार्क द्यायचे? पण आकडे टाकल्यावर एक गोष्ट दिसली, जी मला इतकी वर्षं स्वतःबद्दल माहीत नव्हती: ऐकणाऱ्यांची संख्या फारशी महत्त्वाची नव्हतीच. अनोळखी माणसाला रस्ता विचारणं 15. जवळच्या मैत्रिणीला नाही म्हणणं 30. पण अर्धवट ओळखीच्या, उद्या पुन्हा भेटणाऱ्या तीन माणसांसमोर "मला हे समजलं नाही" म्हणणं 75. माझी भीती गर्दीची नव्हती. माझ्याबद्दल मत बनवून ते जवळ बाळगू शकणाऱ्यांची होती.

एकदा हे कळलं की पायऱ्या आपोआप सुचतात, कारण कृती तीच ठेवून एकेक गोष्ट बदलता येते. "समजलं नाही" हे वाक्य आधी एका सहकाऱ्याला एकट्यात, मग तिसरं कुणी ऐकत असताना, मग वरिष्ठ बसलेले असताना. माफीची प्रस्तावना जोडली तर 50, प्रस्तावनेशिवाय 75, म्हणजे या दोन वेगळ्या पायऱ्या झाल्या. आणि पायरी नेहमी माझ्या कृतीत लिहायची. "बैठकीत छाप पाडायची" ही पायरी होत नाही, कारण छाप पडणं माझ्या हातात नाही. "पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य, न लिहिता" ही पायरी होते. वहीत करण्याआधी लिहायचं: काय होईल असं वाटतं. केल्यावर: काय झालं.

आता ती बैठक. कामाच्या ठिकाणची मासिक बैठक, आणि पायरी तीच 75 वाली, प्रस्तावनेशिवाय. वहीत मी लिहिलं होतं: आवाज कापेल, सगळे गप्प होतील, कुणीतरी हसेल, आणि यानंतर मला महत्त्वाचं काम मिळणार नाही.

विषय आला. मी म्हणाले, "हा भाग मला समजला नाही. पुन्हा सांगाल का?" आवाज कापला, शेवटचा शब्द अक्षरशः गिळला गेला. शांतता पसरली. मग बैठक चालवणारे वरिष्ठ हसले आणि म्हणाले, "निदान एवढं तरी वाचून येत जा." आणि खोली हसली. सौम्यपणे हसली असं मी पुढे बरेच दिवस म्हणत राहिले; आता म्हणत नाही. नेहमीसारखीच हसली, एखाद्यावर हसतात तशी. माझ्या शेजारी बसलेली, जिच्यासोबत मी रोज जेवते, तीही हसली.

कान गरम झाले. पाणी प्यायचा बहाणा करून बाहेर जायचं, ही माझी जुनी, हमखास कुबडी. पण पायरीच्या खाली मीच लिहिलं होतं: बैठक संपेपर्यंत खोलीत. म्हणून बसले. फोन पिशवीत होता, हात मांडीवर होते, आणि थरथरत होते. त्यांनी तो भाग पुन्हा समजावलाही नाही, पुढच्या मुद्द्यावर गेले. मी ऐकत होते असं म्हणणार नाही. मी फक्त बसले होते. माझ्या बाजूने कुणी बोललं नाही. बैठकीनंतर कुणी येऊन "मलाही समजलं नव्हतं" असं कानात सांगितलं नाही; अशा गोष्टींमध्ये ते नेहमी घडतं, माझ्यासोबत घडलं नाही.

संध्याकाळी वही उघडली. चारपैकी तीन भाकितं खरी ठरली होती. मी समुपदेशकांपुढे वही जवळजवळ आदळलीच. तुमची शिडी, बघा. वाटतं तितकं वाईट होत नसतं म्हणे. झालं.

त्यांनी वाद घातला नाही. विचारलं, "मग?" मी म्हटलं, मग काय? "लोक हसले. मग काय झालं? किती वेळ लागला? रात्री जेवलीस का? दुसऱ्या दिवशी कामावर काय झालं?" जेवले होते. दुसऱ्या दिवशी कुणी विषयही काढला नव्हता. आणि आठवड्यानंतर एक अवघड काम माझ्याकडेच आलं, त्याच वरिष्ठांकडून. चौथं भाकीत खोटं ठरलं. पण खरा बदल त्याने झाला नाही. तोवर माझी वही "हे घडेल का?" एवढंच विचारत होती. "घडलं तर किती महाग पडेल?" हा प्रश्न तिच्यात नव्हताच. शक्यता आणि किंमत ही दोन वेगळी मोजमापं आहेत, आणि माझी भीती शक्यतेपेक्षा किमतीवर पोसलेली होती. पुढच्या पायऱ्या म्हणूनच बदलल्या. त्यांत फजिती मुद्दाम घालायची होती: नाव चुकवून मग दुरुस्त करायचं, बोलताना मध्येच थांबून शांतता तशीच राहू द्यायची.

इथे तुम्ही मला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस ऐकवता, मला माहीत आहे. एकोणीस वर्षांचा एलिस न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वनस्पती उद्यानात गेला, महिन्याभरात शंभर अनोळखी स्त्रियांशी बोलला आणि भीती गेली. बघा, उडी! पण त्याचीच हकिकत नीट ऐका. एकच कृती, एकाच प्रकारच्या जागी, पुन्हा पुन्हा, आणि ध्येय फक्त बोलण्याचं. एकीने भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही, तरी त्याच्या हिशेबी प्रयोग यशस्वी. ही उडी नाही, एका पायरीवर महिनाभर केलेला मुक्काम आहे. पुढे त्याने लोकांना रेल्वेत मोठ्याने स्थानकांची नावं पुकारायला लावली, तो प्रकार मात्र मला पटत नाही. त्यात लोक विक्षिप्तपणाला हसतात. मला तर खऱ्याखुऱ्या मला हसलेलं सोसायचं होतं.

आणि तुमच्या बाजूचंही एक सांगते, कारण ते लपवून फायदा नाही. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रॅस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली मांडलं की पायऱ्या क्रमानेच चढायला हव्यात असं नाही. भीती खाली येईपर्यंत थांबायलाच हवं असंही नाही. भाकीत जितक्या जोरात चुकेल तितकं शिकणं पक्कं, आणि प्रसंग उलटसुलट, वेगवेगळ्या ठिकाणी घ्यावेत. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी आठवण उभी राहते; म्हणून जागा बदलली की भीती परत डोकावते. माझी डोकावते. नवीन गटात पहिल्या दिवशी 75 चं वाक्य पुन्हा 75 चंच असतं. म्हणजे शिडी निम्मी अनावश्यक होती का? असेल. पण क्रम नसता तर मी सुरुवात केली असती, असं मला वाटत नाही.

माझी जुनी मी मात्र एका गोष्टीवर अजून भांडते. ती म्हणते, त्या माणसाने तुझा अपमान केला होता, आणि तू त्याचा सराव करून टाकलास. ती चूक आहे असं मला म्हणता येत नाही. शिडी माझी भीती मोजते. समोरच्याचं वागणं योग्य होतं की नाही, याबद्दल ती मुकी आहे. वहीत सध्या एक पायरी आहे: त्या वरिष्ठांना एकट्यात सांगायचं की ते वाक्य लागलं होतं. आकडा 85. काही दिवस वाटतं, एवढ्या जुन्या गोष्टीसाठी कशाला. काही दिवस वाटतं, हे "कशाला" हीच सर्वांत जुनी कुबडी आहे. समुपदेशकांनी एक प्रश्न दिलाय: भीती अजिबात नसती तर बोलली असतीस का? सोमवारी उत्तर हो असतं. गुरुवारी नाही असतं. आकडा तेवढा दोन्ही दिवशी 85 असतो.