दहावा दिवस पहिल्याच दिवशी ठरतो

यंदा आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या गणपतीत विसर्जनाचं काम माझ्याकडे आलं. मूर्ती शाडूची, दोन फुटी. विसर्जन आवारातच, ५०० लिटरच्या जुन्या प्लास्टिकच्या टाकीत करायचं. वाटलं, दहाव्या दिवशी टाकी भरली की झालं.

बाकीचे दिवस सुरळीत गेले. सकाळ-संध्याकाळच्या आरतीला रोज दोन घरांच्या पाळ्या लावल्या होत्या. चूक एकच झाली, ती म्हणजे नाट्यछटा नेमक्या गौरीजेवणाच्या संध्याकाळी ठेवल्या. बायका घरच्या हळदीकुंकवात, मुलं आजोळी, त्यामुळे बघायला नऊ माणसं! गौरींचे तीन दिवस मंडपात आरतीपलीकडे काहीही ठेवू नये, असं माझं मत. दुसऱ्या दिवशी तोच कार्यक्रम पुन्हा केला, पण तो इतका लांबला की दहाला माईक बंद करायचा म्हणून शेवटचं पात्र विनामाईक ओरडून बोललं.

आठव्या दिवशी टाकी धुवायला काढली, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे, एवढ्याशा तोंडातून बाप्पा जाणार कसा?" मी टाकीची उंची मोजली होती, तोंड नाही. तोंड १६ इंच, मूर्ती रुंदीला १८. मग खांद्याखालून वरचा भाग करवतीने कापला आणि कडेला जुना पाइप चिरून बसवला, हात कापू नयेत म्हणून.

दुसरी अडचण त्याहून मोठी होती. शाडूची मूर्ती वजनदार असते आणि हाताला किंवा सोंडेला धरली की मोडते. ती फळीवर ठेवून, फळीखालून दोर घेऊनच पाण्यात सोडायला हवी. ती फळी आणि ते दोर स्थापनेआधीच खाली घालायचे असतात. प्राणप्रतिष्ठा झाल्यावर उत्तरपूजेपर्यंत मूर्ती हलवत नाहीत. आम्ही ती थेट चौरंगावर बसवलेली!

त्यामुळे अनंत चतुर्दशीला टाकी पाऊण भरल्यावरच गुरुजींना उत्तरपूजा करायला सांगितलं. अक्षता वाहून त्यांनी मूर्ती जरा सरकवली, तेव्हा चौघांनी बैठकीला धरून ती फळीवर घेतली. हार, कंठी, जानवं, मुकुटाचे मणी सगळं उतरवलं, निर्माल्य वेगळं. आवाराला एक फेरी झाली, आरती झाली, आणि चार दोर एकाच वेळी सैल सोडत बाप्पाला पाण्यात उतरवलं. मुकुट वर राहिला म्हणून आणखी चार बादल्या पाणी ओतलं.

सकाळी नुसता चिखल होता, फळी वर तरंगत होती. मधला एक गोळा काठीने फोडावा लागला. वरचं पाणी बागेत घातलं. शाडू मात्र झाडांना तसाच घालू नये, वाळला की बुंध्याशी पापडी धरतो. आम्ही तो वाळवून, फोडून मातीत मिसळला.

टाकी ठेवली आहे. फळी आणि दोर मंडपाच्या सामानात सगळ्यात वर बांधलेत, पुढच्या वर्षी चौरंगाच्या आधी तेच हाताला लागावेत म्हणून.