चारशे पानांचा हिशेब

"पुस्तक ४३२ पानांचं. मी रोज २० पानं वाचतो. म्हणजे २२ दिवसांत संपायला हवं. मग दर वेळी महिना कसा लागतो?"

भागाकार बरोबर आहे, चूक त्यात घातलेल्या आकड्यांत आहे. त्यातही ४३२ फारसं दोषी नाही, खरा गोंधळ २० चा आहे.

तरी आधी ४३२ बघून घेऊ, कारण ते काम दोन मिनिटांचं आहे. शेवटच्या पानावरचा आकडा म्हणजे वाचायची पानं नव्हेत. समजा मजकूर ९ व्या पानावर सुरू होतो आणि ४१८ व्या पानावर संपतो, पुढे परिशिष्ट आणि सूची. मग वाचायची पानं झाली ४१८ वजा ९ अधिक १, म्हणजे ४१०. तो अधिकचा एक विसरू नका, पहिलं आणि शेवटचं अशी दोन्ही पानं वाचायचीच असतात. भागांमधली कोरी पानं आणि नुसत्या शीर्षकांची पानं मिळून दहाएक निघाली, की उरली ४००. प्रस्तावना वाचणार असाल तर ती पानं मिळवा. ती कधीकधी वेगळ्या आकड्यांत छापलेली असते आणि मोजणीतून सुटते.

आता वेग. 'रोज २० पानं' यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात: तुम्ही किती झरझर वाचता आणि तुम्हाला वेळ किती मिळतो. त्या सुट्या केल्याशिवाय अंदाज लागत नाही. शिवाय तो आकडा बहुतेक वेळा मागच्या पुस्तकाचा असतो. ते ठसठशीत टाइपाचं, संवादांनी भरलेलं असेल आणि हे बारीक टाइपाचं, सलग परिच्छेदांचं असेल, तर पान आणि पान यांची बरोबरीच होत नाही. दोन्ही पुस्तकांतलं एकेक भरलेलं पान घेऊन ओळी मोजा, ओळीतले शब्द मोजा. एकात ३० ओळी आणि ओळीला ९ शब्द म्हणजे २७०, दुसऱ्यात ३६ ओळी आणि ११ शब्द म्हणजे ३९६. जवळपास दीडपट. जुना वेग इथे चालणार नाही हे तिथेच कळतं.

म्हणून वेग त्याच पुस्तकात मोजायचा. घड्याळ लावून २० मिनिटं वाचा आणि पानं मोजा, असं तीन वेगवेगळ्या दिवशी करा. पहिलं प्रकरण मोजणीत धरू नका, तिथे पात्रांची नावं आणि लेखकाची वाक्यं अंगवळणी पडायची असतात. आणि जिथे वाचणार तिथेच मोजा. नाशिकरोडहून मुंबईला पंचवटी एक्सप्रेसने रोज जाणारा माणूस गाडीत जे वाचतो, त्याचा वेग घरच्या खुर्चीवरून काढला तर उपयोग नाही. गाडीत जागा मिळणं, न मिळणं हा त्याच्या हिशेबाचाच भाग आहे. समजा तीन मोजण्यांत ११, १३ आणि १२ पानं आली. सरासरी १२, म्हणजे तासाला ३६. चारशे पानांना ६६७ मिनिटं.

आता या मिनिटांना दिवसाने भागू नका, आठवड्याने भागा. कुणाचेच सगळे दिवस सारखे नसतात. सोमवार ते शुक्रवार रोज २५ मिनिटं आणि शनिवार-रविवार ५० मिनिटं असा वेळ मिळत असेल, तर आठवड्याला २२५ मिनिटं झाली. ६६७ भागिले २२५, जवळजवळ तीन आठवडे, म्हणजे २१ दिवस. तुमच्या बाविसाच्या अगदी शेजारी. म्हणूनच तो आकडा खरा वाटतो.

पण हा न चुकणारा आठवडा आहे, आणि तो क्वचितच येतो. एखाद्या संध्याकाळी पाहुणे येतात, एखाद्या दिवशी ऑफिसातून उशीर होतो. मधल्या वारांपैकी एक दिवस गेलाच असं धरून चाला, आठवड्याला २०० मिनिटं उरली. आता ६६७ भागिले २०० म्हणजे ३.३३ आठवडे. त्याला सातने गुणलं की २३.३ येतात. इथे खालचा नाही, वरचा आकडा घ्यायचा: २४ दिवस. पूर्णांक करायचा तो अगदी शेवटी, एकदाच. मधल्या प्रत्येक पायरीवर वर ढकलत गेलात तर विनाकारण तीन-चार दिवस फुगतात.

चोविसाचा महिना होतो तो पुढच्या कारणाने, आणि हे कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सगळं पुस्तक एका वेगाने वाचलं जात नाही. वैचारिक किंवा ऐतिहासिक पुस्तकात पहिली दोनशे पानं प्रसंगांची आणि पुढची दोनशे विवेचनाची, असं अनेकदा असतं. अनुक्रमणिका चाळली, मधली चार पानं उघडून बघितली, की हे आधीच दिसतं. तिथेही २० मिनिटं घड्याळ लावा. समजा ८ पानं झाली, तासाला २४. आता ३६ आणि २४ यांची सरासरी ३० काढून चारशेला भागायचा मोह होतो. उत्तर येतं ८०० मिनिटं. खरा वेळ मात्र पहिल्या दोनशेला ३३३ आणि दुसऱ्या दोनशेला ५००, एकूण ८३३ मिनिटं. पानं निम्मी-निम्मी असली तरी वेळ निम्मा-निम्मा नाही, सावकाश वाचलेल्या भागात तो जास्त जातो. वेगांची सरासरी काढायची नाही, प्रत्येक भागाची मिनिटं काढून ती मिळवायची. ८३३ भागिले २००, म्हणजे सव्वाचार आठवड्यांच्या किंचित आत, दिवसांत २९.२. वरचा आकडा ३०. हा घ्या तुमचा महिना.

अर्ध्यावर पोचल्यावर पुन्हा हिशेब करतात तेव्हाही हीच चूक होते. बाराव्या दिवशी २०० पानं झाली, म्हणजे उरलेली २०० आणखी बारा दिवसांत, असं वाटतं. पण पुढची पानं तासाला २४ ची आहेत. त्यांना ५०० मिनिटं, म्हणजे अडीच आठवडे, म्हणजे १८ दिवस. फेरहिशेबाला पहिल्या पानापासूनची सरासरी घेऊ नये, शेवटच्या दोन-तीन बैठकींचा वेग घ्यावा.

ई-पुस्तकात पानांवर भरवसाच ठेवू नका, अक्षर मोठं केलं की पानांची संख्या बदलते. तिथे टक्के मोजा: २० मिनिटांत किती टक्के सरकलं ते. मात्र शंभर टक्क्यांत टिपा आणि सूचीही धरलेली असते, तेव्हा मजकूर कितव्या टक्क्याला संपतो ते आधी बघून ठेवा.

वाचनालयातून पुस्तक आणत असाल तर हाच हिशेब उलटा करावा. नाशिकला त्याची सवय जुनी आहे, इथलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. समजा तुमच्या वाचनालयाची मुदत १५ दिवसांची आहे. आणायचा दिवस बहुधा जाण्यायेण्यात जातो, म्हणून हाती १४ धरा. आठवड्याला २०० प्रमाणे ४०० मिनिटं. तासाला ३६ च्या वेगाने २४० पानं, २४ च्या वेगाने १६०. कपाटासमोर उभं असताना एवढे दोन आकडे डोक्यात असले, की चारशे पानांचं पुस्तक उचलतानाच कळतं: एकदा मुदत वाढवावी लागणार, आणि विवेचनाचं निघालं तर एका वाढीतही बसणार नाही. त्यावर दुसऱ्या कुणी मागणी नोंदवली आहे का, हे काउंटरवर तेव्हाच विचारून घ्यावं.