मुंबईच्या पंचांगावरून नागपूरचा सूर्योदय

सासूबाई रोज सूर्योदयाला अर्घ्य देतात. नागपुरात आमच्याकडे येणाऱ्या दिनदर्शिकेत वेळा मात्र मुंबईच्या. "मुंबईचा सूर्य मी इथे कशाला बघू?" असं त्या म्हणाल्या, आणि नागपूरसाठी वर्षभराचा तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं.

सुरुवात रेखांशापासून केली. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. मुंबई साधारण ७२.९ अंशांवर, नागपूर ७९.१ वर; फरक ६.२ अंश, म्हणजे सुमारे २५ मिनिटं. घड्याळ मात्र देशभर एकच, ८२.५ अंश रेखांशाचं. त्यामुळे २१ जूनला सूर्य डोक्यावरून पुढे सरकतो तो नागपुरात सव्वाबाराला आणि मुंबईत बारा चाळीसला.

मग सरसकट २५ मिनिटं वजा केली की झालं? मार्चअखेरच्या वेळांना हे छान जुळलं. जूनला बिनसलं. २१ जूनला मुंबईचा सूर्योदय ६:०२ चा आणि नागपूरचा ५:३३ चा, म्हणजे फरक २९ मिनिटांचा. सूर्यास्त ७:१९ आणि ६:५८, फरक जेमतेम २१. एकाच दिवशी सकाळचा फरक वेगळा, संध्याकाळचा वेगळा!

उत्तर अक्षांशात होतं. नागपूर मुंबईपेक्षा दोन अंश उत्तरेला आहे आणि उन्हाळ्यात उत्तरेकडे दिवस मोठा असतो. त्या दिवशी मुंबईचा दिवस १३ तास १७ मिनिटांचा, नागपूरचा १३ तास २५ मिनिटांचा. ही जास्तीची आठ मिनिटं मध्यान्हाच्या दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी वाटली जातात. म्हणून सकाळी २५ अधिक ४, संध्याकाळी २५ वजा ४. डिसेंबरात नागपूरचा दिवस तेवढाच लहान होतो आणि सगळं उलटतं: सकाळी २१, संध्याकाळी २९. पंचांगवाले पहिल्या दुरुस्तीला देशांतर म्हणतात, दुसरीला चर. शहरं उत्तर-दक्षिण जितकी लांब, तितकी ही दुसरी दुरुस्ती वाढते. मुंबई-नागपूर जोडीत ती चार मिनिटांच्या वर जात नाही.

तक्ता तपासायला दुसरं एक पंचांग घेतलं, तर त्यात नागपूरचाच सूर्योदय चारेक मिनिटं उशिराचा. इथे शहराचा संबंधच नव्हता. हवामान खात्याच्या पद्धतीत सूर्यबिंबाची वरची कड दिसली की उदय; शिवाय हवेमुळे किरण वाकतात आणि बिंब क्षितिजाखाली असतानाच दिसतं, तेही धरलेलं असतं. काही पंचांगं बिंबाचा मध्य क्षितिजावर येण्याची वेळ धरतात आणि वाकलेले किरण सोडून देतात. दोन शहरांच्या वेळा ताडून बघायच्या तर दोन्ही एकाच पद्धतीच्या घ्याव्या लागतात, नाहीतर ही चार मिनिटं चराचीच वाटतात.

सासूबाईंनी मध्यबिंबाची वेळ निवडली. समोरच्या इमारतीमुळे सूर्य दिसतो त्याच्याही नंतर, पण ते कुठल्याच तक्त्यात बसत नाही.