टोटल जुळत होती

जालन्यात सळईच्या धंद्यात बिल निघतं ते वजनकाट्याच्या पावतीवर. कोटेशनमध्ये १२ टन असले तरी गाडी भरून काट्यावर चढली की आकडा बदलतो. त्या दिवशी निजामाबादच्या एका व्यापाऱ्याची गाडी १२.४५० टन भरली. दर ५२,००० रुपये टन, म्हणजे ६,४७,४००. त्यावर अठरा टक्के जीएसटी, १,१६,५३२. एकूण ७,६३,९३२. मी नेहमीप्रमाणे कॅल्क्युलेटरवर दोनदा मारून बघितलं. पैशापैशाला बरोबर.

कोटेशनमध्ये ‘३० दिवस’ एवढंच होतं, बिलावर मात्र ‘बिलाच्या तारखेपासून’ छापलेलं. गिऱ्हाईक माल उतरल्यापासून धरतं आणि वसुलीची भांडणं इथूनच सुरू होतात, म्हणून त्याची ऑर्डर काढून बिल तिच्याप्रमाणे दुरुस्त करायला सांगितलं. ऑर्डर हातात होतीच, म्हणून त्याचा जीएसटी नंबरही ताडून पाहिला. सुरुवातीला ३६. तेलंगणा.

बिलावर मात्र राज्यातल्या राज्यात लागतात त्या दोन ओळी: सीजीएसटी ५८,२६६ आणि एसजीएसटी ५८,२६६.

बिलिंगचा पोरगा म्हणाला, “मॅडम, माल देगलूरला उतरतोय. देगलूर नांदेड जिल्ह्यात आहे, मग आपल्याच राज्यात ना?”

त्याचं चुकलं असं लगेच म्हणता येईना. निजामाबादच्या त्या व्यापाऱ्याची स्वतःची साइट देगलूरला असती, तर माल जिथे पोचतो तिथलाच कर लागला असता. पण तो माल त्यानं पुढे देगलूरच्या एका ठेकेदाराला विकला होता आणि आम्हाला परस्पर तिकडे पाठवायला सांगितलं होतं. अशा वेळी कायदा माल व्यापाऱ्यालाच मिळाला असं धरतो. पुरवठ्याचं ठिकाण त्याच्या मुख्य कचेरीचं, म्हणजे तेलंगणा, आणि कर दोन राज्यांमधला, आयजीएसटी. महाराष्ट्राच्या सीजीएसटी-एसजीएसटीचं क्रेडिट त्याला तिकडे मिळालंच नसतं.

पोर्टलनंही हे पकडलं नसतं. पुरवठ्याचं राज्य आपणच ‘२७’, म्हणजे महाराष्ट्र, भरलं की त्याच्या हिशेबानं सगळं सुसंगत. ई-इनव्हॉइस निघाल्यावर रद्द करायला चोवीस तास मिळतात, पुढे क्रेडिट नोटचा खटाटोप. ‘आता सगळं ऑनलाइन आहे, चुका होतातच कशा?’ असं शेठ अधूनमधून म्हणतात, त्यांना एकदा बिलिंगला बसवायला हवं.

गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी डोकावतोय. व्यापाऱ्याला फोन लावला.

“टोटल तीच आहे ना? मग पाठवा की, ताई.”

“तुम्हाला १,१६,५३२ चं क्रेडिट मिळणार नाही, चालेल?”

तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, “थांबवा, थांबवा गाडी.”

बिल-टू निजामाबाद, शिप-टू देगलूर, एका ओळीत आयजीएसटी १,१६,५३२. ई-वे बिलही तसंच काढलं. गाडी पाऊण तास उशिरा सुटली.

संध्याकाळी फाइल लावताना चार दिवसांपूर्वीचं कोटेशन वर आलं. तोच ३६ चा नंबर, खाली सीजीएसटी-एसजीएसटीच्या दोन ओळी. पोरानं बिल त्यावरूनच उतरवलं होतं. टोटलशेजारी लाल पेनानं बरोबरची खूण होती. माझीच.